चहाआधी लहान, चहानंतर मोठी

मापकाकूंची मान आणि ती लाकडी पेटी यांचा संबंध कळल्याशिवाय काकू त्या दिवशी एवढ्या का पेटल्या ते कळणार नाही. बारा वर्षं डोक्यावर घमेली वाहून काकूंची मान अशी धरली होती की डावीकडून हाक आली तर त्या अख्ख्याच वळायच्या. डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. डॉक्टरांना सांगायला काय जातं! पण धाकटा दीर बांधकामावर मुकादम होता. त्याने वहिनीला मापाच्या पेटीशेजारी बसवलं, आणि गेली दहा वर्षं काकू तिथेच होत्या. हजेरीच्या वहीत मात्र त्यांचं नाव अजून बिगाऱ्यांतच लागायचं.

पेटी आतून चाळीस सेंटीमीटर लांब, पस्तीस रुंद आणि पंचवीस खोल. म्हणजे बरोबर पस्तीस लिटर. पन्नास किलो सिमेंटची गोणीही पस्तीस लिटरचीच धरतात, म्हणून एका गोणीला एक पेटी असा सरळ हिशेब. स्लॅबसाठी एक गोणी सिमेंट, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. दोन गडी पेटी भरायचे, काकू वरून पट्टी फिरवून शीग उडवायच्या आणि मान हलवता येत नसल्यामुळे "चला!" असं ओरडायच्या. मग गडी दांड्यांना धरून पेटी मिक्सरमध्ये ओतायचे. काकूंचा "चला" झाल्याशिवाय त्या इमारतीत खडीचा एक दाणा आत गेला नव्हता.

त्या दिवशी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. सळ्या बांधून तयार, मिक्सर धडधडत होता, आणि वाळू ओली होती. ओली वाळू फुगते. काकूंनी सकाळीच काचेच्या बरणीत दहा बोटं वाळू भरून वर पाणी ओतलं, ढवळलं. वाळू खाली बसली ती आठच बोटं. म्हणजे दीड पेटी खरी वाळू हवी तर दोन पेट्या घ्यायच्या, त्यातली दुसरी दोन बोटं कमी. आणि वाळूतलं पाणी धरून मिक्सरचं पाणी कमी करायचं. हे सगळं काकूंनी मिक्सरवाल्याला सांगितलं आणि काम सुरू झालं.

मिक्सरचे चार घाणे झाले नाहीत तोच तपासनीस आले. नोकरीची तीस वर्षं त्यांनी पंख्याखाली काढली होती आणि उरलेल्या चार महिन्यांत बाहेरची हवा खायला म्हणून त्यांना पाठवलं होतं. त्यांच्या हातात फाइल होती, फाइलमध्ये छापील तक्ता होता, आणि तक्त्यात वाळू दीड पेटी होती.

"दोन पेट्या वाळू?" साहेब म्हणाले. "कागदावर दीड आहे."

"ओली आहे, साहेब. फुगलीय."

"वाळू फुगायला ती काय पाव आहे?"

काकूंनी बरणी दाखवली. साहेबांनी बरणीकडे असं पाहिलं की जणू कुणी जादूचा खेळ लावून त्यांच्याकडे टोपी फिरवतंय. "हे असलं काही नाही. पेटीच लहान असणार. एक गोणी सिमेंट ओता हिच्यात."

"सिमेंट पेटीत मोजत नसतात, साहेब," काकू म्हणाल्या. "गोणी हेच त्याचं माप. ओतलं की ते सैल होतं."

"ओता म्हणतो ना!"

गोणी फोडली, सिमेंट ओतलं. ते सैल होऊन फुगलं आणि पेटीच्या वर हा एवढा ढीग झाला. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी तक्त्यावर लिहिलं, "पेटी लहान." खाली सही ठोकली आणि ते मुकादमाबरोबर चहाला गेले.

पेटी फळीवर होती, फळी मिक्सरला टेकलेली होती, आणि मिक्सर आपल्या धडधडीने सगळ्यांची हाडं खिळखिळी करत होता. अर्ध्या तासाने साहेब परत आले तेव्हा सिमेंट दबून दबून काठाच्या दोन बोटं खाली गेलं होतं.

"कुणी काढलं?"

"कुणीही हात लावला नाही. हादऱ्याने बसलंय."

साहेब पेटीत डोकावले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पहिल्या ओळीखाली लिहिलं, "पेटी मोठी," आणि तिथेही सही केली. आता एकाच कागदावर, एकाच हाताने, एकाच पेटीवर दोन उलटसुलट शेरे झाले होते आणि साहेबांच्या लेखी दोन्ही खरे होते.

"असली भरवशाची नसलेली पेटी मी जप्त करतो," साहेब म्हणाले. "सरकारी शिक्क्याची पेटी येईपर्यंत घमेल्यांनी मोजून काम करा."

मुकादमाने मान खाली घातली. सुरू झालेला स्लॅब अर्धवट सोडता येत नव्हता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "आजचा दिवस घमेलं घ्याल का? माणसं कमी आहेत."

आजचा दिवस म्हणजे काय ते काकूंना ठाऊक होतं. शिक्क्याची पेटी कधी येणार नव्हती, आणि आली असती तर तिच्याबरोबर मापाला शिक्क्याचा माणूसही आला असता.

"भाऊजी, थांबा," त्या म्हणाल्या आणि अख्ख्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, टेप लावा."

साहेबांनी टेप लावली ती बाहेरून. "पंचेचाळीस!"

"बाहेरून मोजून काय करायचं? वाळू काय फळीच्या आत शिरते? आतून लावा."

गड्यांनी सिमेंट मिक्सरमध्ये ओतून पेटी रिकामी केली. आतून चाळीस, पस्तीस, पंचवीस. साहेबांनी गुणाकार केला, पुन्हा केला, मिक्सरवाल्याकडूनही करून घेतला. पस्तीस लिटर. साहेबांना घाम फुटला. कारण पेटी बरोबर निघाली तर त्यांच्या दोन सह्या खोट्या पडत होत्या, आणि तीस वर्षांत त्यांनी सही कधी खोडली नव्हती.

"चहाआधी लहान," ते पुटपुटले. "चहानंतर मोठी."

"मग मधली धरा की," काकू वैतागून म्हणाल्या.

साहेबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बुडत्याला काडी मिळाली होती. त्यांनी तिसरी ओळ लिहिली, "सरासरीने पेटी बरोबर," आणि झोकदार सही केली. मग बरणी मागून घेतली, पुन्हा पाणी ओतायला लावलं आणि वाळू खाली बसताना लहान मुलासारखं टक लावून पाहिलं. तक्त्याच्या शेवटी "मापाची साधने" असा रकाना होता. तिथे त्यांनी सावकाश काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, एक प्रत मुकादमाला दिली आणि ते निघून गेले.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

मुकादमाने वाचलं. "लाकडी पेटी, नग एक. बरणी, नग एक. बाई, नग एक. ही तिन्ही साधने वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय एकमेकांपासून वेगळी करू नयेत."

गडी खो खो हसले. मिक्सरवाल्याने तर मिक्सरच बंद केला. काकूंना मात्र आधी राग आला. एवढी वर्षं राबून शेवटी बरणीच्या खाली नाव लागलं! "मी काय सामान आहे?" त्या ओरडल्या. मुकादम हसत हसत कागद घडी करायला लागला.

"थांबा भाऊजी," काकू म्हणाल्या. "शेवटचं वाक्य परत वाचा."

त्याने परत वाचलं. मजूर म्हणून काकूंना कुणीही, कधीही उठवून घमेल्याखाली उभं केलं असतं. सामान म्हणून त्यांना जागेवरून हलवायला आता वरच्या साहेबाची सही लागणार होती. काकूंनी तो कागद दिराच्या हातातून घेतला, पदराच्या टोकात गाठ मारून ठेवला, पुन्हा पेटीशेजारी बसल्या आणि भरलेल्या पेटीवरून पट्टी फिरवत ओरडल्या, "चला!"