ऐकू येणारी सरिता

धुरपताबाईंचा एक स्वभाव गावाला ठाऊक होता. काही वाईट होण्याची चाहूल लागली की त्या ते सगळ्यांच्या आधी तोंडानं बोलून टाकत. ढग दाटले की कापूस गेला म्हणायचं, गाय अडली की वासरू मेलं म्हणायचं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला कावीळ झाली, तेव्हा येणारा-जाणारा ‘काई नाई होत’ म्हणत राहिला, आणि नवरा गेला. तेव्हापासून धुरपताबाईंचा धिराच्या शब्दांवरचा भरवसाच उडाला. वाईट आधी बोलून घेतलं म्हणजे ते आलं तरी मोडून पडायला होत नाही, असं त्यांना वाटे. मजुरी करून त्यांनी एकुलत्या मुलाला, धम्मदीपला, शिकवलं ते याच स्वभावावर.

धम्मदीप पुण्याला कंपनीत लागला. त्याची बायको सरिता आणि चार वर्षांची नात गावीच, समुद्रपूरजवळ, धुरपताबाईंपाशी राहत. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण फार बोलणंही नव्हतं.

श्रावण संपता संपता एका पहाटे सरितानं उठून पोट दुखतं म्हटलं. रात्री उकडलं म्हणून ती जमिनीवर झोपली होती. अंगावर जखम नाही, सूज नाही. उन्हं वर येईस्तोवर तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, थुंकी गिळता येईना. अंथरूण झटकलं तेव्हा त्यातून काळी, पांढऱ्या कड्यांची मण्यार निघाली. धुरपताबाई आणि त्यांचे दीर चिंधूभाऊ यांनी तिला मोटारसायकलवर मधे धरून समुद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं सापाच्या विषावरची लस सुरू केली आणि ॲम्बुलन्सनं वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत तिचा श्वास मंदावला. एक डॉक्टर रस्ताभर तिच्या तोंडावर रबरी पिशवी दाबत हवा भरत राहिला. दुपारपर्यंत घशात नळी घालून तिला श्वासाच्या मशीनवर घेतलं.

संध्याकाळी भेटीच्या वेळी दोघांना आत सोडलं. सरिता मेणाच्या बाहुलीसारखी पडली होती. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं. छाती वरखाली होत होती, तीही मशीनच्या तालावर. धुरपताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या उशाशी उभं राहूनच दिराला म्हणाल्या, “भाऊ, हिच्या माहेरी कळवून द्या. हे काई आता राह्यत नाई. पोरीचं मी पाहीन.”

चिंधूभाऊ नातीसाठी गावी परतले. पुण्याहून निघालेला धम्मदीप सकाळच्या गाडीनं पोचणार होता. धुरपताबाई बाहेरच्या हॉलमध्ये एकट्या राहिल्या.

हॉलमध्ये एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या, पण रात्री कोणी त्यांच्यावर बसत नव्हतं. सगळ्यांनी खाली सतरंज्या टाकल्या होत्या. भिंतीवरच्या एकाच प्लगाभोवती मोबाइल लावायला नंबर लागले होते. दाराच्या वर भोंगा होता. आतून कोणाचं नाव पुकारलं की सगळा हॉल उठून बसे आणि ज्याचं नाव नसे तो पुन्हा आडवा होई. धुरपताबाईंच्या शेजारी हिंगणघाटचे प्रभाकरराव होते. त्यांच्या भावाला झटका आला होता आणि ते तिसरी रात्र काढत होते. त्यांनी सांगितलं की इथं झोपायचं तर शेजाऱ्याला आपल्या पेशंटचं नाव सांगून ठेवायचं. “तुम्ही पाण्याला गेल्या तरी मी ऐकतो. माझ्या भावाचं पुकारलं तर तुम्ही मला हलवजा.” धुरपताबाईंनी सरिता धम्मदीप थूल हे नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मग वेळ थांबला. पंख्याचं एक पातं प्रत्येक फेरीला कुरकुरत होतं. लिफ्टचं दार उघडलं की फिनेलचा वास आत येई. ऑक्सिजनच्या टाकीची गाडी गेली की तिची चाकं कोणत्या दाराशी थांबतात ते धुरपताबाई कान देऊन ऐकत.

बऱ्याच उशिरा एक तरुण डॉक्टरीण दाराशी येऊन एकेकाला हाल सांगू लागली. धुरपताबाईंनी सरळ विचारलं, “माही सून गेली का?”

“नाही मावशी. मण्यारीच्या विषानं नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. म्हणून तिला डोळे उघडता येत नाहीत, श्वास घेता येत नाही. मेंदूला काही झालेलं नाही. मशीन श्वास देत राहिली तर विष उतरल्यावर ती आपोआप हलू लागेल. दोन दिवस, चार दिवस.” डॉक्टरीण जाता जाता वळली. “तिच्याजवळ बोलताना जपा. तिला सगळं ऐकू येतंय.”

धुरपताबाई सतरंजीवर येऊन बसल्या. ऐकू येतंय म्हणजे ते ‘राह्यत नाई’ही ऐकू आलं. ‘पोरीचं मी पाहीन’ हेही. आणि ऐकून तिला ना रडता आलं, ना नाही म्हणता आलं. जन्मभर त्यांनी वाईट बोलून स्वतःला सावरलं होतं, पण ते ऐकणाऱ्याचं काय होतं हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या उठून दाराशी गेल्या, मले एक डाव आत जाऊ द्या म्हणाल्या. दारावरच्या माणसानं सांगितलं की भेट आता सकाळी. त्यानं ते रागानं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना भांडताही आलं नाही. त्या परत आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा तो म्हणाला की सिस्टरला निरोप देतो. त्या दाराच्या काचेपाशीच भिंतीला टेकून बसल्या. आतून मशीनचा सुस्कारा ऐकू येतो का ते पाहत होत्या. डोळा कधी लागला कळलं नाही.

खांदा हलला. प्रभाकरराव वाकून सांगत होते, “थूल पुकारलं. उठा.”

आत जाताना त्यांच्या मनात ‘ही गेली’ हेच जुनं वाक्य आलं. त्यांनी ते गिळलं. सिस्टरनं त्यांना चपला काढायला, हात धुवायला लावले. डॉक्टरीण म्हणाली की सरिताचे ठोके सारखे वाढताहेत. ताप नाही, नळी बरोबर आहे. झोपेचं औषध थोडं दिलंय, पण ती घाबरली असावी. घरचं कोणी बोललं तर बरं.

धुरपताबाईंनी सुनेचा हात हातात घेतला.

“सरिता, मी हाओ. तू जित्ती हाएस. डाक्टरीण म्हनते, इष उतरलं का हात-पाय हलतीन. मी सांजेले वंगाळ बोलली. मले समजलं नोतं. पोरगी बरी हाय, चिंधूकाकाजोळ झोपली. धम्मा येऊन राह्यला, गाडीत हाय. तू भेऊ नोको. मी दारातच हाओ.”

बोलता बोलता त्या कापसावरच्या किडीवर, नातीच्या दुधाच्या दातावर आल्या. लग्नानंतर पाच वर्षांत सुनेशी इतकं बोलल्या नव्हत्या. सिस्टरनं पडद्यावरचा आकडा दाखवला, तो हळूहळू खाली येत होता. सरिताच्या बंद पापणीच्या कडेनं पाणी ओघळून कानाकडे गेलं. डॉक्टरीण म्हणाली, कधीकधी ते नुसतं येतं. धुरपताबाईंनी ते पदरानं पुसलं.

सकाळी धम्मदीप पिशवीसकट धावत आला आणि दाराशीच हंबरडा फोडणार होता. आईनं त्याला बाहेरच बसवलं, पाणी पाजलं आणि पूर्ण रडून झाल्यावरच आत जाऊ दिलं.

तिसऱ्या दिवशी सरिताच्या पायाचा अंगठा हलला, मग भुवया, मग पापण्या. सहाव्या दिवशी नळी निघाली. प्रभाकररावांच्या भावाला त्याआधीच जनरल वॉर्डात हलवलं होतं.

घरी आल्यावर पुष्कळ दिवसांनी धुरपताबाईंनी विचारलं की त्या सांजेचं तुले ऐकू आलं होतं का. सरिता डाळ निवडत होती. तिचा आवाज अजून घोगरा होता.

“आलं होतं,” ती म्हणाली. “राग आला. पन तुमी निंगून गेल्या, मंग कोनीच काई बोले नाई. नुसती मशीन. तवा मले वाटलं, मी खरंच मेली. तुमी बोलत होत्या तवर मी होती.”

धुरपताबाई सरकून तिच्याजवळ बसल्या आणि सुपातली अर्धी डाळ आपल्याकडे ओढून घेतली.