डाळीचं नाव फिनाइलला

दुकानात गेले की पुड्या उलट्यासुलट्या करून बघायची मला खोड आहे. अमरावतीत माझं पॅकिंग डिझाइनचं छोटं ऑफिस आहे, त्यामुळे या खोडीला मी अभ्यास म्हणते. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या मालकांनी बोलावलं, तेव्हा मी त्याच उत्साहात एसटीत बसले.

मालकांचं आडनाव हेच त्यांच्या तूरडाळीचं नाव. थोरल्या मुलाच्या सरकी ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, पोत्यावरही तेच. आता रसायनशास्त्र शिकलेली मुलगी फिनाइल काढत होती आणि तिलाही तेच नाव हवं होतं. वडील कां-कूं करत होते.

"भावाच्या ढेपेले चालते, मंग माह्याच मालाले काहून नाई?" तिने माझ्यासमोरच विचारलं. लग्न झालेली मुलगी, म्हणून आपल्याला बाजूला ठेवतात, असं तिच्या मनात होतं. ते तिने लपवलंही नाही.

मी दोन वाटा सांगितल्या. सगळ्या मालावर एकच नाव, याला आमच्या धंद्यात ब्रँडेड हाऊस म्हणतात. नव्या मालाला आयती पत मिळते, जाहिरात कमी लागते, पण एकाला डाग लागला की सगळ्यांना लागतो. दुसरी वाट हाऊस ऑफ ब्रँड्स. प्रत्येक मालाला वेगळं नाव, म्हणजे धोका वेगळा, पण ओळखही शून्यापासून कमवायची. मालक म्हणाले, "ताई, पुस्तक राहू द्या. गिऱ्हाईक काय करते ते पाहून या."

मला तेच हवं होतं. एकाच फिनाइलच्या दोन बाटल्या केल्या, एकीवर घरचं नाव, दुसरीवर नवं. अकोला, तेल्हारा आणि परतवाड्याच्या एकेका किराणा दुकानात त्या महिनाभर ठेवल्या.

निकाल बघून मी चाटच पडले. घरच्या नावाच्या बाटल्या तिन्हीकडे भराभर संपल्या, नव्या नावाच्या धूळ खात होत्या. मुलगी हरखली. तिच्या बाजूने कौल लागला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

परतवाड्याला मात्र आम्ही दोघी सोबत गेलो. तिथल्या दुकानदाराची पद्धत अशी, की एका नावाचा माल एकाच फळीवर. एजंट आला की फळीकडे बघायचं आणि संपलं ते सांगायचं. त्यामुळे डाळीशेजारी फिनाइल उभं होतं. एक बाई आल्या, डाळीची पिशवी उचलली, नाकाशी धरली आणि परत ठेवली.

"काहून ओ, काय झालं?" मी विचारलं.

"वास येऊन राहिला ना बाई."

पिशवी सीलबंद होती, बाटलीचं बूचही घट्ट. मी दोन्ही हुंगून पाहिलं, कसलाच वास नव्हता. दुकानदार म्हणाला, "महिन्यापासून असंच चालू हाय. तुमी नाव एक करून ठेवलं, लोकाईले वाटते बनवाचं घमेलंबी एकच." त्याला मी माल हलवायला सांगणार होते, पण नाव हलवता येत नाही हे लक्षात आलं.

मग डाळीला ढेपेचा वास का येत नाही? परतीच्या बसमध्ये मी याच प्रश्नाला चिकटून बसले. शेतकरी तूर विकतो, डाळ खातो, ढेप गोठ्यात नेतो. त्याच्या मनात हे तिन्ही एकाच अंगणात आहे. फिनाइल मोरीत असतं. आपण कारखान्यातून नाती जोडतो, माणसं घरातून जोडतात. मी हे मोठ्या खुशीत तिला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा मला माझ्या उत्साहाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये तीच आधी बोलली. "बाबा, तुमचं नाव डाळीवरच राहू द्या. माह्या बाटलीवर नवं नाव टाका."

मालकांना बहुधा भांडणाची अपेक्षा होती. ते गडबडले. "पण खपते तर तेच ना?"

"माहं खपते, तुमचं बसते. मी दवाखान्याईत, शाळाईत फिरीन. लागू दे वेळ."

मी वहीत लिहून घेतलं. नव्या नावाची नोंदणी वेगळी करावी लागेल, हे सांगितलं. आणखी एक अडचण होती. समोर काहीही छापलं तरी बाटलीच्या मागे उत्पादकाचं नाव-पत्ता लिहावाच लागतो, आणि तिथे मिलचंच, म्हणजे मालकांचंच नाव येणार होतं. मागची बाजू वाचणाऱ्या माझ्यासारख्या आगाऊ बायका कमी नाहीत.

"त्यासाठी वेगळी फर्म काढून राहिली मी," ती म्हणाली. "उत्पादक म्हणून माहं नाव येईन."

मालकांनी नमुन्याची बाटली उचलली, फिरवली, मागची बारीक अक्षरं डोळ्यांपासून लांब धरून पाहिली. 

"ताई," ते मला म्हणाले, "तिचं नाव एवढं बारीक नका टाकू. मले चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."