सहा टक्क्यांचा मेल

आखाडा बाळापुरात माझं वह्यांचं दुकान होतं. अठरा वर्षं माल नांदेडच्या शेटजींकडून यायचा. ऑर्डर फोनवर द्यायचो, पण आधी त्यांच्या आजारी बायकोची चौकशी करायचो. त्या उन्हाळ्यात दोन मोठ्या शाळांचं काम एकदम मिळालं. बोलताना सूट मागायची लाज वाटली, म्हणून मेल केला: "यंदा तिप्पट माल, एकाच गाडीत. भाव थोडा कमी होईल का? न्हाई जमलं तर नेहमीच्या भावानं पाठवा." दुसऱ्या व्यापाऱ्याचा स्वस्त भाव मुद्दाम लिहिला नाही. शेटजी दुखावू नयेत म्हणून एकेक शब्द चारदा तपासला. कसला मेला शहाणपणा!

उत्तर आलं: "सहा टक्के कमी केले. गाडी सोमवारी निघेल. हिला जाऊन महिना झाला. वाटलं होतं, तुमचा फोन येईल तेव्हा सांगू."