एकाच लॉगिनची सोय

भूकंपानंतर आमच्या किल्लारीच्या घरात दाराला आतून कडी लावायची नाही, असा नियम झाला. पळायला दार मोकळं पाहिजे. ती सवय अंगात राहिली, पण तिच्यावर खापर फोडणार नाही. चूक माझीच होती.

लातूरच्या एका कोचिंग क्लासची वेबसाइट मी सांभाळायचो. टेस्टचं पान वेगळं, निकालाचं वेगळं, नांदेड शाखेचं वेगळं. सगळे एकाच मूळ पत्त्याखालचे उपपत्ते, म्हणजे सबडोमेन. दर पानावर पुन्हा लॉगिन करावं लागतं म्हणून मुलं वैतागायची. मी एक ओळ बदलली. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला कुकी, म्हणजे एक ओळखचिठ्ठी, देतो. ती दाखवली की पुन्हा पासवर्ड लागत नाही. कुकीत डोमेन, म्हणजे ती कुठल्या पत्त्यासाठी आहे ते, लिहिलं नाही, तर ती देणाऱ्या पत्त्यालाच परत जाते. मी तिथे मूळ पत्ता लिहिला. आता ती त्याखालच्या प्रत्येक उपपत्त्याला आपोआप जाऊ लागली. मुलं खूश, क्लास चालवणारे सर खूश.

फिजिक्सच्या शिक्षकांचाही एक उपपत्ता होता. त्यांच्या नोट्स त्यांच्याच सर्व्हरवर असायच्या. ते क्लास सोडून नांदेडला दुसऱ्या क्लासमध्ये गेले. उपपत्ता बंद करायला एक मिनिट लागलं असतं. नोट्स चांगल्या होत्या, मुलं वाचत होती. मी तो राहू दिला.

मग एका रविवारी आमची टेस्ट दहाला सुरू झाली आणि दुपारी तोच पेपर नांदेडच्या त्या क्लासच्या फळ्यावर होता. लॉगमध्ये दिसलं, की खास बॅचमधल्या एका मुलीच्या खात्यातून पेपर नांदेडहून उघडला गेला होता. मुलगी मुरुडची, वडील तिथल्या अडतीवर हमाल.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘‘सिस्टीममध्ये काही गडबड?’’

‘‘नाही सर,’’ मी म्हणालो.

हे मी न तपासता म्हणालो. तिला बॅचमधून काढलं. ‘‘मी पासवर्ड कुणालाच दिला नाही,’’ एवढंच ती सांगत राहिली.

सोमवारी चैन पडेना म्हणून मी लॉगिनची नोंद उघडली. तिच्या नावावर त्या दोन दिवसांत एकच लॉगिन होतं, शनिवारी लातूरच्या अभ्यासिकेतून. नांदेडहून कुणी पासवर्ड टाकलेलाच नव्हता; तिचीच कुकी दुसऱ्या जागेवरून वापरली होती. आणि ती जागा? फिजिक्सचे सर नव्या नोट्सची लिंक आमच्या साइटवर लावायला ज्या इंटरनेट जोडणीवरून यायचे, तीच. मुलीने आदल्या दिवशी त्यांच्या नोट्स उघडल्या, तेव्हा ब्राउझरने माझ्या त्या ओळीप्रमाणे तिची कुकी त्यांच्या सर्व्हरच्या हातात दिली होती. पानातल्या स्क्रिप्टला कुकी वाचता येऊ नये, अशी खूण मी केली होती. पण कुकी थेट सर्व्हरलाच पोचत असेल, तर त्या खुणेचा काय उपयोग?

मी तो उपपत्ता काढला, ती ओळ काढली, सगळी चालू लॉगिन रद्द केली. पण सरांकडे गेलो नाही. दोन दिवस. नोकरी जाईल ही भीती. जेवताना बायको म्हणाली, ‘‘ताटात काय शोधून राहिले?’’

बुधवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीच्या घरचा पत्ता कागदावर लिहिला. मग म्हणाले, ‘‘मला सांगून काय? तिच्या घरी जा.’’

एसटीने मुरुडला गेलो. वडील ओट्यावर बसले होते. माझं ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘‘साहेब, आमाला ते कुकी-बिकी कळत न्हाई. पोरीनं पासवर्ड दिला का न्हाई, येवढं सांगा.’’

‘‘नाही दिला. त्याची गरजच पडली नाही. चूक माझी.’’

‘‘म्या तिला लई बोललो वो. वर्गातल्या मैत्रिणीला दिला असशील म्हनलो, त्या पोरीलाबी जाऊन इचारलं. दोघींचं बोलनं तुटलं.’’

मुलगी दारात उभी होती. ‘‘सर, हे वर्गात सांगाल? तिच्यासमोर?’’

‘‘सांगतो.’’

‘‘कधी?’’

मी ‘बघू’ म्हणणार होतो. ती नजर हटवेना.

‘‘उद्या.’’

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने आली. तिच्या बॅचपुढे उभं राहून मी सगळं सांगितलं. मागून एकाने विचारलं, ‘‘म्हणजे आता दर पानाला पुन्हा लॉगिन?’’ थोडं हसू पिकलं. मी ‘हो’ म्हणालो.

ती हसली नाही. मैत्रिणीच्या बाकावर जागा रिकामी होती. मैत्रिणीने तिथली आपली बॅग उचलून मांडीवर घेतली. मुलगी लगेच बसली नाही. मी वर्गातून बाहेर पडलो, तेव्हाही उभीच होती.