नोकरी शोधायची ड्यूटी

पोस्टमनच्या सायकलची मला भीती वाटायची. न्यूझीलंडमधल्या मनुरेवात, आमच्या गल्लीत, तो साडेदहाच्या सुमाराला यायचा, आणि मी दहापासूनच पडद्याआड उभी राहायची. आमच्या पेटीत काही टाकलं तर नकार असणार म्हणून भीती, आणि न थांबता पुढे गेला तर आज कुणी नकार द्यायचीही तसदी घेतली नाही म्हणून भीती. दोन्हीकडून मरण.

घर नणंदेचं. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, मी त्यांना ताई म्हणायची. इथल्या एका इस्पितळात त्या नर्स होत्या, एकट्या राहायच्या. अनेक वर्षं त्या भावाला पत्रांतून लिहीत होत्या, इकडे या, इथे चांगलं आहे. शेवटी आम्ही ऐकलं. पुण्यात मी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, औषधांचा दर्जा तपासायचं काम. माझ्या शिक्षणावर इथे राहून काम करायचा परवाना मिळाला, म्हणून आधी मी आले. नवरा आणि आमची सहा वर्षांची मुलगी मागे राहिली. मला नोकरी लागली की तो तिथली सोडणार आणि दोघं येणार, असं ठरलं होतं. दोन महिन्यांत होईल, असं आम्ही सगळ्यांना ऐटीत सांगितलंही होतं.

नव्वदीच्या दशकातली पहिली वर्षं ती. इथल्याच लोकांना कामं मिळत नव्हती, तिथे मला कोण विचारतो! बुधवारी आणि शनिवारी पेपरात जाहिराती यायच्या. मी उजाडायच्या आत कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, पेपर आणायला जायची, जणू उशीर झाला तर नोकऱ्या संपणार होत्या. मग अर्ज. प्रयोगशाळेचे, दुकानातले, पॅकिंगचे, एकदा तर घोड्यांच्या तबेल्यातला. सकाळी अर्ज, दुपारी अर्ज, रात्री अर्ज. फोन वाजेल म्हणून घराबाहेर पडत नसे, अंघोळीला गेले तर दार किलकिलं ठेवायची. 'न्यूझीलंडचा अनुभव नाही' हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. अहो, कुणी नोकरी दिल्याशिवाय तो अनुभव मी काय झाडावरून तोडून आणू?

इथली मराठी मंडळी दर महिन्याला कुणाकडे तरी जमत. मी जाणं सोडलं. तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "मग, काही जमलं का?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसायचं, पण मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. आणि दर रविवारी पुण्याहून नवऱ्याचा फोन. हॅलोच्या आधी, "काही कळलं का गं?" एकदा मुलीने फोन घेतला आणि विचारलं, "आई, ते तुला नोकरी का देत नाहीत? तुला येत नाही का काम?" मी हसले, तिला काहीतरी सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मला खरंच वाटायला लागलं की मला येत नाही काम. जी द्रावणं मी डोळे मिटून बनवायची त्यांची प्रमाणं आठवायला बसले, आणि आठवेनात. तेव्हा जी भीती वाटली तशी मला नंतर कधीच वाटली नाही.

मग एके दिवशी फोन वाजला. एका कंपनीतल्या बाई होत्या, आवाज गोड. म्हणाल्या, "तुमचं पत्र आलंय, पण ते आमच्यासाठी नसावं." मी एका कंपनीचं पत्र दुसरीच्या पाकिटात घातलं होतं. 'तुमच्याच कंपनीत काम करायची माझी फार इच्छा आहे' असं लिहिलेलं, आणि वर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव. आयुष्यभर बाटल्यांवरची लेबलं तपासून पोट भरणारी बाई मी! म्हणजे उलट चूक दुसऱ्या पाकिटातही झाली असणार. मी कशीबशी सॉरी म्हणाले आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

ताई सकाळची ड्यूटी संपवून आल्या तेव्हा मी तशीच बसलेली. मी त्यांना सांगितलं. त्या रागावतील किंवा जवळ घेतील असं वाटलं होतं. त्यांनी मला विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

"मला कसली सुट्टी? मी रिकामीच तर आहे."

"मागे एकदा मी लागोपाठ दोन ड्यूट्या केल्या," त्या म्हणाल्या, "आणि एकाची सलाईन दुसऱ्याला लावायला निघाले होते. वॉर्डच्या मुख्य नर्सने माझा हात धरला. मला काम येत नव्हतं म्हणून नाही, मी दमले होते म्हणून. तू आलीस त्या दिवसापासून डबल ड्यूटीवर आहेस. आता रोस्टर लावायचं."

"ताई, मी काय आजारी आहे का?"

"अजून नाहीस. पण त्याच वाटेवर आहेस."

मी मूळची तापट. भांडले. म्हटलं, इथे माझं घर मोडायची वेळ आली आहे आणि तुम्ही मला सुट्ट्या कसल्या देताय? त्यांनी ऐकून घेतलं. फ्रिजवर त्यांच्या वॉर्डचं रोस्टर, ड्यूट्यांचा तक्ता, चिकटवलेलं असायचं; त्याच्या शेजारी कोरा कागद लावला आणि पेन माझ्या हातात दिलं.

आम्ही जे ठरवलं ते तेव्हा मला फारच थोडं वाटलं होतं. अर्ज फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी, जेवणापर्यंत. तेही निवडक, जिथे त्यांना हवं त्यातलं बहुतेक मला येतं अशाच जागा. तबेला बाद. प्रत्येक पत्र त्या जागेसाठी नव्याने लिहायचं आणि पाकीट बंद करण्याआधी मोठ्याने वाचायचं. मंगळवारी फोन. अर्जाची मुदत उलटून आठवडा झाला असेल तिथे एकदाच विचारायचं, नकार आला असेल तर काय कमी पडलं तेही विचारायचं, आणि मग ती फाइल बंद. बुधवार माणसांचा. ज्यांना माझं काम कळतं त्यांना भेटायचं, नोकरी मागायची नाही, इथे काम कसं चालतं ते विचारायचं. शुक्रवारी लायब्ररीत कॉम्प्युटर शिकायला. शनिवारी नुसती कात्री, जाहिराती कापून ठेवायच्या. रविवार ऑफ. ताईंच्या भाषेत ऑफ म्हणजे फोन आन्सरिंग मशीन घेईल, तू नाही.

"पत्रपेटी मी उघडणार," ताई म्हणाल्या. "दिवसातून एकदा. ड्यूटीवरून आल्यावर."

"आणि एवढं करून काही झालं नाही तर?"

"पेशंट बरा झाला का, यावर माझी ड्यूटी मोजत नाहीत. औषधं वेळेवर दिली का, यावर मोजतात. तूही तेच मोज."

आणि हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी संपताना नर्स पुढच्या नर्सकडे पेशंट सोपवते तसं. हा खरा त्यांचा हट्ट. संध्याकाळी चहा झाला की मी समोर बसून सांगायचं, आज काय केलं, काय राहिलं, कसली भीती वाटतेय. त्या तेच परत म्हणून दाखवायच्या, नर्सेस करतात तसं, आणि शेवटी म्हणायच्या, "घेतला चार्ज. आता सकाळपर्यंत पेशंट माझा." त्यानंतर त्या विषयावर बोलायला बंदी. पहिल्या संध्याकाळी मला हसू आलं. दुसऱ्या संध्याकाळी मी म्हणाले, "मुलगी मला विसरेल अशी भीती वाटते." त्यांनी ते जसंच्या तसं परत म्हटलं. चार्ज घेतला. त्या रात्री मला झोप लागली.

भीती गेली असं मात्र नाही. मंगळवारी फोनचा डायल अर्ध्यावर सोडून मी पुन्हा पहिल्यापासून फिरवायची. पहिला रविवार तर भयंकर गेला. ताई मला बॉटॅनिक गार्डनला घेऊन गेल्या आणि माझं सगळं लक्ष घरच्या फोनकडे. रविवारी कोणती कंपनी फोन करणार होती, कोण जाणे! संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तो आधी ताईंनी घेतला. मोठ्या बहिणीच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "नोकरीचं विचारायचं नाही. कळलं की ती सांगेल." मग तो बिचारा काय बोलावं म्हणून कुकरची रिंग कशी सैल झाली ते सांगत बसला. मी ती रिंगची गोष्ट डोळ्यांत पाणी येईपर्यंत ऐकली.

बुधवारांचा मला सगळ्यात धसका होता. पण अर्ज करायला बंदी आणि घरात बसायला लाज, म्हणून गेले. मराठी मंडळींतल्या ज्या एका फार्मसिस्ट बाईंना मी टाळत होते, त्यांना स्वतःहून फोन केला. "मग, काही जमलं का?" त्यांनी विचारलंच. मी म्हणाले, "नाही. इतके महिने झाले, नाही जमलं." एवढं मोठ्याने म्हटलं, आणि काहीच झालं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, माझंही वर्ष गेलं होतं. आधी का नाही बोललीस?" त्यांच्या ओळखीने माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत जाऊन अर्धा तास बोलून आले. जागा नव्हती. तिथल्या साहेबाने मशीन दाखवलं, मी दोन प्रश्न विचारले. नुसत्या तिथल्या रसायनांच्या वासाने मला द्रावणांची प्रमाणं आठवली, सगळी.

पुढेही नकार येत राहिले. बरेच. कित्येक आठवडे तसेच गेले, पण माझी पाकिटं चुकली नाहीत.

मग एका मंगळवारी त्या साहेबाचा फोन आला. त्यांच्याकडची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती. तिच्या जागी, रजेपुरतं. "हीप्स ऑफ काम आहे," म्हणाला, म्हणजे ढिगाने, "सोमवारी येशील?"

पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, फोन करायचं धाडस झालं नाही. मी चहा टाकला आणि ताईंची वाट पाहत बसले. त्या आल्या, हातात पत्रपेटीतलं पाकीट, पुन्हा ते पातळ, नकाराचं. ते त्यांनी नेहमीसारखं पाठीमागे लपवलं. मी म्हणाले, "बसा, हँडओव्हर देते," आणि नेहमीच्या क्रमाने सांगितलं. काय केलं: तीन फोन. काय राहिलं: सोमवारी कामावर जायचंय.

त्यांनी ते परत म्हणून दाखवलं नाही. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मीच बोलावलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पत्रं लिहून मीच बोलावलं. रोज पेटी उघडताना वाटायचं, मी माझ्या भावाचा संसार मोडला. वॉर्डात औषधं देताना चूक होईल या धास्तीने प्रत्येक नाव तीनतीनदा वाचायची मी."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी माझा चार्ज घेणाऱ्या ताई स्वतःचा कुणालाच देत नव्हत्या. त्यांच्या हातातलं पाकीट मी काढून घेतलं, न उघडता बाजूला ठेवलं, आणि चहाचा कप समोर केला.

"बोला ताई," मी म्हणाले. "मी घेते चार्ज."