दोन चमचे पाणी

माझे भाऊजी तराजू दुरुस्त करतात. वय वर्षे त्र्याहत्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत दहा बाय आठची खोली, दारात लाकडी बाक, आत भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या दांड्या आणि पारडी. अजूनही भाजीवाले, भंगारवाले, सोनारांकडचे कारागीर त्यांच्याकडे येतात. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर धंदा संपेल असं आम्ही सगळे म्हणत होतो. भाऊजी तेही उघडून दुरुस्त करायला शिकले.

झिजलेल्या लोखंडी वजनाला खाली एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन कमी भरलं तर शिसं घालायचं, जास्त भरलं तर कोरून काढायचं. भाऊजी ते किसासारखं बारीक कोरतात. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणतात, "थांबा हो. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला उभं राहायला काय धाड भरलीय?" पण हात घाई करत नाहीत. लागेल तेवढंच, कणभर जास्त नाही, ही त्यांची सवय. चहात साखरही ते चमचा काठाशी झटकून, सपाट करून घालतात.

माझी ताई याच सवयीवरून त्यांना पन्नास वर्षं टोमणे मारत आली आहे. "लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील यांनी," असं ती कुणालाही सांगते.

गेल्या वर्षी ताई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या माणसाने पाकिटावर पेनाने लिहिलं, "रविवार, सकाळी उपाशीपोटी." आत घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद होता. तो डबीबरोबर कपाटात गेला. आपल्यापैकी कितीजण तो कागद उघडतात?

ताईला बिछान्यातून उठवणं म्हणजे मोठं काम होतं. आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, वॉकर पुढे आणायचा, मग दम खात न्हाणीघरापर्यंत बारा पावलं. दर पावलाला ती ओठ चावायची. भाऊजींना ते बघवत नसे. पाणी जास्त पोटात गेलं की तासाभरात पुन्हा उठावं लागणार, हा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून त्यांनी आपली पद्धत बसवली. रविवारी पहाटे साडेपाचला ते उठायचे, डाव्या हाताने ताईचं डोकं उशीवरून चार बोटं उचलायचे, उजव्या हाताने गोळी जिभेवर ठेवायचे आणि वर दोन चमचे पाणी. ताई अर्धवट झोपेतच गिळायची आणि पुन्हा सात वाजेपर्यंत झोपायची. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्याही अशाच, आडव्यानेच.

"एक थेंब उशीवर पडत नाही," असं ते मला कौतुकाने सांगायचे. ताई म्हणायची, "जन्मभर वजनांना शिसं पाजलं, आता मला पाजतायत." पण म्हणताना तिचा चेहरा खुललेला असायचा. पन्नास वर्षांत या माणसाने तिच्या मानेखाली हात घातला तो आत्ता कुठे.

असे पाच महिने गेले. एका सोमवारी ताईने सकाळी अर्धीच पोळी खाल्ली. मंगळवारी नुसता पातळ भात. बुधवारी संध्याकाळी तिने चहाचा कप घोटभर पिऊन खाली ठेवला आणि छातीच्या मधोमध हाताची मूठ दाबून धरली.

"काय होतंय?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही. इथे काटा रुतल्यासारखं होतंय."

आमची थोरली बहीण हृदयविकाराने गेली, तीही "काही नाही" म्हणतच. भाऊजींनी लगेच मला फोन केला. त्यांच्या सूनबाईने रिक्षा आणली आणि आम्ही ताईला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलं.

छातीला तारा लावून ईसीजी काढला, रक्त घेतलं. दोन तासांनी तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "ईसीजी नॉर्मल आहे. रक्तातही हृदयाचं काही दिसत नाही. पण दुखतंय कशाने ते बघायला हवं. थोड्या वेळाने पुन्हा एक तपासणी करू." भाऊजींनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मग खिशातलं घड्याळ बघितलं. आठ वाजले होते. रात्रीच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ.

त्यांनी सिस्टरना विचारलं, गोळी देऊ का? त्यांनी कागद बघून होकारार्थी मान हलवली. भाऊजींनी पिशवीतून गोळी आणि पाण्याची बाटली काढली, सदऱ्याच्या खिशातून चमचा काढला, रुमालाने पुसला आणि ताईच्या मानेखाली हात घातला.

"आजोबा, थांबा!" सिस्टर पलीकडच्या खाटेकडून ओरडल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की सगळा वॉर्ड वळून बघेल. "हे काय करताय?"

"गोळी देतोय."

"आडव्याने? आणि पाणी कुठाय?"

"हे काय. दोन चमचे."

"घरीही असंच देता?"

भाऊजी ताठ झाले. "पाच महिने झाले. एक वेळ चुकली नाही. हाडांची गोळीसुद्धा."

सिस्टरनी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. रागाने नाही, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी. मग ताईकडे वळल्या. "आजी, दुखतं ते गिळताना जास्त होतं का?"

"थुंकी गिळली तरी."

"रविवारच्या गोळीनंतर सुरू झालं?"

ताईने भाऊजींकडे बघितलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. तिला प्रश्न कळला होता. उत्तर द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून अन्ननलिका बघितली. मधल्या भागात जखम झाली होती. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. ओल्या ओठाला कागद चिकटतो तशी गोळी अन्ननलिकेला चिकटते. पाणी कमी पडलं आणि माणूस आडवा असला की ती पोटात उतरत नाही, तिथेच विरघळते आणि आतली कातडी जाळते. हाडांची ती गोळी त्यातली फार जहाल. ती सरळ बसून किंवा उभं राहून, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हाडांसाठी आता गोळीऐवजी शिरेतून औषध देऊ. जखम काही आठवड्यांत भरेल. तोवर पातळ, गार जेवण. "आणि इथून पुढे कोणतीही गोळी बसून, ग्लासभर पाण्याने. ताप असो नाहीतर डोकेदुखी."

भाऊजींनी एकच विचारलं. "म्हणजे मी दिली म्हणून झालं?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून झालं."

पण भाऊजींनी आपल्या प्रश्नाचं उत्तर आधीच स्वतःला देऊन टाकलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांची डबी सूनबाईच्या हातात ठेवली. "आजपासून तू दे." ताईजवळ बसेनात. सकाळी सातलाच दुकानात जाऊ लागले. जेवायला यायचे ते मान खाली घालून. ताईचं दुखणं दिवसागणिक कमी होत होतं. तिसऱ्या आठवड्यात ती मऊ भात न अडखळता खाऊ लागली. तरी घरात कुणी हसत नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी सकाळी अकराला गेलो तर सूनबाई दारातच म्हणाली, "मामा, आता तुम्हीच बघा. आईंनी सकाळची आठची गोळी घेतलेली नाही. ग्लास भरून दिलाय, उशा लावून बसवलंय, पण गोळी मुठीत धरून बसल्यात."

ताई खरंच बसली होती. समोर पाणी. मी रागावलो. "ताई, रक्तदाब वाढला तर?"

"वाढू दे. पन्नास वर्षांत ज्याने वाढवला तोच येऊन उतरवेल."

मी दुकानात गेलो. भाऊजी एका दांडीचा काटा घासत होते. मी सांगितलं तसे थांबले, पण उठले नाहीत.

"मेव्हणे, ज्या हाताने वजन खोटं पडतं तो हात पुन्हा वजनाला लावू नये."

"तो विचार तुम्ही करत बसा. तिकडे तीन तास झाले, गोळी मुठीत विरघळत चाललीय."

भाऊजींनी दांडी तशीच सोडली. पारडी हलत राहिली, गिऱ्हाईक बघत राहिलं आणि हा माणूस चपला उलट्या घालून निघाला.

घरी ते ताईसमोर उभे राहिले. ताईने मूठ उघडली. गोळीचा रंग तळव्याला लागला होता.

"ही टाका आणि नवी द्या," ती म्हणाली.

"सूनबाई देईल."

"ती देते हो, सोन्यासारखी देते. पण नंतर अर्धा तास सरळ बसायचं असतं. तिला घर आहे. मी काय भिंतीशी बोलू?"

"माझ्या हातून..."

"तुमच्या हातून झालं आणि माझ्या घशातून झालं. उठायचा कंटाळा मलाच होता. दोन चमचे बास म्हणून मीच सांगायची, विसरलात? आता बसता की अजून तीन तास बसवता?"

भाऊजींनी डबीतून नवी गोळी काढली. तिच्या पाठीला हात लावून ती नीट ताठ बसली आहे का ते बघितलं. ग्लास दिला. ताईने आधी एक घोट घेतला, गोळी ठेवली आणि सगळा ग्लास हळूहळू संपवला. तेवढा वेळ ते तिच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली जाताना त्यांचाही गळा हलत होता.

मग ते खुर्ची ओढून बसले. रिकामा ग्लास त्यांनी बाजूला ठेवला. ताईने विचारलं, "दुकानात काय चाललंय?" आणि भाऊजी एका भंगारवाल्याच्या काट्याबद्दल सांगू लागले. तो म्हणे दोन्ही बाजूंनी लबाडी करायचा आणि स्वतःच हिशेब विसरायचा. ताई हसली. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी पेपर उघडून धरला, वाचला नाही.

वीस मिनिटं झाली असतील. ताई चुळबुळ करू लागली.

"अहो, उठवा मला. जायचंय."

"अजून दहा मिनिटं बाकी आहेत. आडवं व्हायचं नाही."

"उभं राहिलं तर आडवं होतं का माणूस? ग्लासभर पाणी पाजलंत, आता नेणार कोण?"

भाऊजींनी वॉकर पुढे आणला. तिचे पाय खाली सोडले. ताई ओठ चावत उभी राहिली. या वेळी त्यांनी नजर फिरवली नाही. एक हात तिच्या पाठीशी ठेवून ते तिच्या पावलाने चालू लागले.

"मग पुढे?" चौथ्या पावलावर दम घेत ताईने विचारलं. "त्या भंगारवाल्याचं काय झालं?"

"सांगतो," भाऊजी म्हणाले. "आधी उंबरा आहे, पाय उचल."