पोपटापुढची एक ओळ

आमच्या शेजारची टिपणी कॉलेजात शिकते. हे नाव आम्हीच ठेवलं, कारण दारात कोण किती वाजता आलं हेही ती लिहून ठेवते. यंदा तिच्या चौघांच्या गटाला सादरीकरण होतं. बाईंनी बजावलं होतं, की कोणी काय केलं ते तारखेनुसार लिहा, खाली चौघांच्या सह्या घ्या. गुण ज्याचे त्याला वेगळे मिळतील. नोंद अर्थातच टिपणीकडे आली.

गटात एक बोलका मुलगा होता, त्याला सगळे पोपट म्हणत. तो बोलायला उभा राहिला की वर्ग खूश. आपण महिनाभर आकडे जमवायचे, आलेख काढायचे आणि कौतुक त्याचं, या विचारानंच टिपणीचा जळफळाट व्हायचा. तिनं स्वतःच्या नावापुढे अकरा ओळी लिहिल्या, पोपटापुढे एकच शब्द: ‘बोलला’. त्यानं न वाचताच सही ठोकली.

बाईंनी मात्र गटाच्या सामायिक फाइलमधला बदलांचा इतिहास उघडला.

"तिसरा आलेख मंगळवारी यानं दुरुस्त केलेला दिसतोय. तुला माहीत होतं ना गं?"

"हो," टिपणी पुटपुटली. "माझे दोन आकडे उलटे पडले होते."

"मग नोंदीत का नाही?"

"राहू द्या, बाई," पोपट म्हणाला. "दोनच तर आकडे."

या मोठेपणानं तर ती आणखीच जळाली.

"तुझ्या अकरा ओळींचे गुण तुलाच," बाई म्हणाल्या. "पण त्याची ओळ लिही आणि सगळ्यांच्या सह्या पुन्हा घे."

तिनं लिहिली, पण मुंगीएवढ्या अक्षरात. ती वाचायला बाईंना चष्मा पुसावा लागला.